सॉकेटमधले सहा व्होल्ट

तीन पिनांच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण 230 व्होल्ट असतात, फेज आणि अर्थिंग यांच्यातही जवळपास तेवढेच. उरलेली जोडी न्यूट्रल आणि अर्थिंगची. या दोघांत काहीच व्होल्टेज नसावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे, कारण दोन्ही तारा अखेर जमिनीलाच जोडलेल्या असतात. प्रत्यक्षात मल्टिमीटर लावला की बहुतेक घरांत तिथे काहीतरी आकडा दिसतो. कुठे अर्धा व्होल्ट, कुठे दोन-तीन, आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या एखाद्या वाडीत, डीपीपासून लांब असलेल्या शेवटच्या घरात, संध्याकाळी सहा-सातसुद्धा. कॉम्प्युटर किंवा यूपीएस बसवायला आलेला माणूस हा आकडा पाहून ‘अर्थिंग खराब आहे’ असे सांगतो. मग अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला जातो, त्यात मीठ-कोळसा भरला जातो, पाणी ओतले जाते. आकडा मात्र जागचा हलत नाही. तो हलत नाही, कारण बहुतेक वेळा तो अर्थिंगचा नसतोच. तो न्यूट्रलचा असतो, आणि बऱ्याचदा घरातल्या नव्हे, तर रस्त्यावरच्या न्यूट्रलचा.

हे समजण्यासाठी या दोन तारा कुठून येतात ते पाहायला हवे. गावातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या डीपीमध्ये, 11 हजार व्होल्टचा पुरवठा घरगुती दाबावर उतरवला जातो. तिथून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा पोलांवरून निघतात. तिन्ही फेजच्या गुंडाळ्या ज्या बिंदूत एकत्र येतात तोच न्यूट्रल, आणि तो डीपीपाशीच दोन स्वतंत्र अर्थिंगांनी जमिनीला जोडलेला असतो. न्यूट्रलला शून्य व्होल्टेज असते हे विधान खऱ्या अर्थाने लागू पडते ते या एका जागी. तिथून पुढे न्यूट्रल ही प्रवाह वाहून नेणारी तार आहे. प्रत्येक घराने फेजमधून घेतलेला प्रवाह तिच्याच वाटेने डीपीकडे परततो. तारेला विरोध आहे आणि तिच्यातून प्रवाह वाहतो आहे, म्हणजे तिच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज पडणारच. डीपीपासून जितके दूर जावे आणि तारेत जितका प्रवाह असेल, तितका न्यूट्रल शून्यापासून वर सरकतो.

अर्थिंगच्या तारेचे तसे नाही. साध्या घरगुती जोडणीत ती डीपीपर्यंत जात नाही. घराशेजारी पुरलेल्या पाइपापर्यंत किंवा पट्टीपर्यंत जाते आणि तिथेच संपते. सर्व काही ठीक असताना तिच्यातून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही, त्यामुळे सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात जे मिळते ते अंगणातल्या जमिनीचे व्होल्टेज असते. मीटर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये लावला, म्हणजे तो एका बाजूने अंगणातली जमीन आणि दुसऱ्या बाजूने डीपीपासून सॉकेटपर्यंतच्या सबंध न्यूट्रलचे टोक, यांच्यातला फरक वाचतो. जमीन स्थिर आहे, न्यूट्रल हलतो आहे.

मीठ-कोळशाने फरक का पडत नाही, याचे उत्तर यातच आहे. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा विरोध 1 कोटी ओहमच्या आसपास असतो. त्याच्या वाटेत अर्थिंगच्या खड्ड्याचे 10 ओहम आले काय आणि 500 ओहम आले काय, वाचनात दिसण्याजोगा फरक पडत नाही. चांगल्या अर्थिंगवर सहा व्होल्ट दिसत असतील तर वाईट अर्थिंगवरही सहाच दिसतील. उन्हाळ्यात जांभ्याची कोरडी जमीन असो किंवा जुलैत पाणी मुरलेली, आकडा त्यामुळे बदलत नाही. या भागात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. खड्ड्याचा विरोध ऋतूनुसार कितीतरी पटींनी बदलत असतो आणि न्यूट्रल-अर्थिंगच्या आकड्याला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा हा आकडा कमी आहे म्हणून अर्थिंग चांगले, हा निष्कर्षही तितकाच फसवा. अर्थिंग तपासायचे तर त्यासाठी वेगळे यंत्र आणि वेगळी पद्धत आहे: दोन जादा खुंट्या रोवून अर्थ टेस्टरने केलेली मोजणी.

आता एक वाडी घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण तारांची मापे आणि त्यांचे विरोध खरे आहेत. डीपीपासून 300 मीटरवर काही घरे आहेत आणि वरून अल्युमिनियमची उघडी तार आली आहे, लाइनवाले जिला ‘विझल’ म्हणतात ती. तिचा विरोध दर किलोमीटरला 0.9 ओहमच्या आसपास असतो, म्हणजे 300 मीटरला 0.27 ओहम. संध्याकाळी या घरांचा एकूण भार असा पडला आहे: आर फेजवर 32 अँपिअर, वाय फेजवर 12 आणि बी फेजवर 9.

न्यूट्रलमधून किती प्रवाह परतेल? तिन्हींची बेरीज 53 होते, पण न्यूट्रलमध्ये 53 अँपिअर येत नाहीत. तिन्ही फेज एकमेकांपासून एक-तृतीयांश आवर्तनाने मागेपुढे चालतात, त्यामुळे एका फेजचा परतणारा प्रवाह दुसऱ्या दोघांच्या प्रवाहांशी काही प्रमाणात कापला जातो. तिन्ही सारखे असते तर सगळेच कापले गेले असते आणि न्यूट्रल रिकामा राहिला असता. एका फेजच्या बाजूने पाहिले तर बाकी दोन फेजचा निम्मा प्रवाह त्याच्या विरोधात जातो. आर फेजच्या 32 मधून 12 आणि 9 यांच्या बेरजेचा निम्मा भाग, म्हणजे साडेदहा, वजा केला की साडेएकवीस उरतात. वाय आणि बी यांच्यातल्या लहान फरकाची थोडी भर पडते आणि उत्तर 22 अँपिअरच्या जवळ येते. हे 22 अँपिअर 0.27 ओहममधून जातात तेव्हा सुमारे 6 व्होल्ट पडतात. वाडीतल्या प्रत्येक घराच्या दारातला न्यूट्रल जमिनीच्या सहा व्होल्ट वर असतो. ज्या घरातले सगळे दिवे बंद आहेत, मेन स्विचही उतरवला आहे, त्याच्या मीटरपाशीसुद्धा तेवढेच. (भार टोकाला न साचता सबंध लाइनभर पसरलेला असेल तर टोकाचा आकडा साधारण निम्मा येतो. आणि न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, ती जिथे वापरली असेल तिथे तो त्याच प्रमाणात वाढतो.)

याच उदाहरणात तिन्ही फेजवरच्या घरांची वाचने शेजारी ठेवली तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. डीपीपाशी 235 व्होल्ट धरले तर आर फेजवरच्या घरात फेज ते अर्थिंग 226 आणि फेज ते न्यूट्रल 221 असे वाचन येते. या घराचा फेजच जास्त भाराचा आहे, म्हणून न्यूट्रल त्याच्या दिशेने सरकला आहे आणि त्या घराला मिळणारा दाब तेवढा कमी झाला आहे. वाय फेजवरच्या घरात फेज ते अर्थिंग 232, पण फेज ते न्यूट्रल 234. बी फेजवर 233 आणि 236. एकाच आळीत एका घरात 221 आणि शेजारी 236, आणि तिन्ही घरांत न्यूट्रल ते अर्थिंग मात्र तोच सहाचा आकडा.

यातून एक सोपी ओळख मिळते, आणि ती फारशी कुणी वापरत नाही. सॉकेटवर तिन्ही वाचने घ्यावीत. फेज-अर्थिंगचा आकडा फेज-न्यूट्रलपेक्षा मोठा असेल, तर न्यूट्रलला वर ढकलणारा भार आपल्याच फेजवर आहे: आपला स्वतःचा किंवा त्याच फेजवरच्या शेजाऱ्यांचा. उलट फेज-न्यूट्रलचा आकडा मोठा असेल, तर न्यूट्रल दुसऱ्या फेजकडे ओढला गेला आहे आणि आपल्या घरातल्या तारा कितीही बदलल्या तरी तो खाली येणार नाही. फरक काही व्होल्टचाच असतो आणि लाइनवरचा दाब क्षणोक्षणी हलत असतो, त्यामुळे वाचने लागोपाठ आणि दोन-तीनदा घ्यावी लागतात.

तीन फेजचा भार अगदी सारखा वाटला तरी न्यूट्रल पूर्ण रिकामा होत नाही, याला आजच्या घरांत आणखी एक कारण आहे. एलईडी दिवे, टीव्ही, मोबाइलचे चार्जर यांच्या आतले सर्किट प्रवाह अखंड लहरीत घेत नाही, दर आवर्तनात थोडा वेळ झटका मारल्यासारखा घेते. अशा प्रवाहात 50 हर्ट्झच्या मूळ लहरीबरोबर 150 हर्ट्झची तिसरी लहर असते. एक-तृतीयांश आवर्तनाचे अंतर मूळ लहरीत कापाकापी घडवते, पण या तिसऱ्या लहरीला ते पुरे एक आवर्तन पडते. त्यामुळे तिन्ही फेजच्या तिसऱ्या लहरी न्यूट्रलमध्ये एकमेकींना कापत नाहीत, एकमेकींत मिळतात. ऑफिसे, दुकाने, कॉम्प्युटरचे वर्ग असलेल्या इमारतीत ही भर जाणवण्याइतकी मोठी असते. दिवे आणि पंख्यांच्या वाडीत ती लहानच.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांचा भार वर्षभर एकसारखा नसतो, ही इथली खरी गोष्ट. कित्येक घरे दहा महिने बंद असतात. मुंबई-ठाण्याला असलेली माणसे शिमग्याला आणि गणपतीला येतात तेव्हा ती उघडतात आणि एका संध्याकाळीत पंप, फ्रिज, मिक्सर, माळा-तोरणे सगळे सुरू होते. लाइनमनने एकेका घराची सर्व्हिस वायर कोणत्या फेजवर टाकली, ते वर्षभर उघड्या असलेल्या घरांच्या हिशोबाने ठीक असेलही. बंद घरांपैकी बहुतेक एकाच फेजवर असली, तर गणपतीच्या आठवड्यात न्यूट्रलमधला प्रवाह कितीतरी वाढतो. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या आपत्तीनंतर पोल पुन्हा उभे होतात तेव्हा हा हिशोब आणखी बिघडू शकतो. अंधारातल्या गावाला आधी वीज हवी असते, सर्व्हिस वायर ज्या तारेवर सोयीची पडेल तिथे बसते आणि फेजची वाटणी नंतर करायची राहून जाते. म्हणून न्यूट्रल-अर्थिंगचे एकच वाचन फारसे सांगत नाही. दुपारी दोनचे, रात्री आठचे आणि सणातले वाचन मिळून चित्र तयार होते.

आता घराच्या आत. वाडीच्या आर फेजवरच्या त्याच घरात दोन किलोवॉटचा गीझर लावला, म्हणजे सुमारे साडेआठ अँपिअर. हा प्रवाह घरातल्या 15 मीटर तांब्याच्या अडीच स्क्वेअर एमएम तारेतून परततो. तिचा विरोध सुमारे 0.11 ओहम. पुढे पोलापर्यंत 30 मीटर अल्युमिनियमची चार स्क्वेअर एमएमची सर्व्हिस वायर, 0.22 ओहम. आणि पुढे रस्त्यावरचा न्यूट्रल, 0.27 ओहम. सगळे मिळून 0.6 ओहम. गीझर चालू होताच त्याच्या सॉकेटवरचा न्यूट्रल पाच व्होल्टने वर जातो आणि आधीचे सहा धरून मीटर अकरा दाखवतो. हे ऐकायला धक्कादायक आहे, पण यात बिघाड काहीच नाही. लांब लाइन, बारीक सर्व्हिस वायर आणि मोठा भार, एवढेच त्याचे कारण.

बिघाड ओळखायचा तो याच प्रयोगाच्या दुसऱ्या निम्म्यातून. गीझरचा प्रवाह जाताना फेजच्या तारेतून आणि येताना न्यूट्रलमधून जातो, आणि दोन्ही तारा सारख्याच लांबीच्या आणि जवळपास सारख्याच जाडीच्या असतात. म्हणून गीझर लावल्यावर फेज-न्यूट्रल दाब जेवढा उतरतो, त्याच्या साधारण निम्म्याने न्यूट्रल-अर्थिंगचा आकडा चढायला हवा. आपल्या घरात दाब दहाने उतरला आणि न्यूट्रल पाचने चढला, तर दोन्ही तारांनी आपापला वाटा उचलला. पण दाब एकोणीसने उतरला आणि न्यूट्रल चौदाने चढला, तर जादाचे नऊ व्होल्ट सगळे न्यूट्रलच्या वाट्याला आले आहेत आणि साडेआठ अँपिअरला नऊ व्होल्ट म्हणजे वाटेत कुठेतरी एक ओहमचा सांधा बसला आहे. हा एक ओहम कागदावर क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात त्या सांध्यात 70 वॉटच्या वर उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक काळे पडणे, वितळणे, तारेचे इन्सुलेशन करपणे हे तिथूनच सुरू होते.

असे सांधे या भागात का तयार होतात, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. अल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडली आणि चार महिने दमट हवेत ठेवली, की दोन धातूंच्या सीमेवर गंज चढतो. अल्युमिनियम दाबाखाली थोडे थोडे पसरत जाते, त्यामुळे घट्ट आवळलेला स्क्रू कालांतराने आपोआप सैल होतो. 22 जुलै 2021 ला सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हासारख्या पुरात मीटरबोर्ड गाळाच्या पाण्याखाली जातात. बोर्ड वाळवून पुन्हा सुरू करता येतो, पण न्यूट्रल लिंकच्या स्क्रूंखाली गाळ आणि ओल राहिली तर गंज हळूहळू वाढतो आणि काही महिन्यांनी पिवळसर बल्बच्या लुकलुकीत दिसू लागतो.

फेजचा सांधा बिघडला तर न्यूट्रल-अर्थिंगच्या आकड्यात तो दिसत नाही. तिथे उलटे होते: दाब खूप उतरतो आणि न्यूट्रल मात्र नेहमीइतकाच चढतो.

घरातल्या वायरिंगमध्ये न्यूट्रलची एक खास खोड असते, आणि तीही याच आकड्यातून पकडता येते. वायरमन फेजच्या तारा प्रत्येक सर्किटला वेगळ्या एमसीबीतून देतो, पण न्यूट्रल वाचवतो. एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप मारत एकच न्यूट्रल दोन-तीन सर्किटांना पुरवला जातो. दोन सर्किटांवर 16-16 अँपिअरचे एमसीबी असतील, तर त्या सामाईक न्यूट्रलमधून 32 अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारा एमसीबी कुठेच नसतो. फेजची तार तापायच्या आधी एमसीबी पडेल. न्यूट्रल मात्र भिंतीच्या आत निमूट तापत राहील.

याचा शोध असा लागतो. ज्या सॉकेटच्या सर्किटवर काहीही चालू नाही, त्याच्या स्वतःच्या न्यूट्रलच्या फांदीत प्रवाह नसतो. म्हणून तिथे मिळणारे वाचन ती फांदी जिथे मुख्य न्यूट्रलला मिळते, त्या जागेचे असते. रिकामा सॉकेट हा त्या जोडाचा टेस्टपॉइंटच होतो. आता गीझर लावा आणि बैठकीतल्या रिकाम्या सॉकेटवरचा आकडा पाहा. आधीच्या हिशोबाप्रमाणे सर्व्हिस वायर आणि रस्ता यांच्यामुळे तो चार व्होल्टने चढायला हवा, कारण तेवढी वाट दोघांची खरोखरच एक आहे. गीझरच्या सॉकेटवर मात्र घरातल्या 15 मीटरचा आणखी एक व्होल्ट जादा दिसायला हवा. दोन्हीकडे पुरे पाच चढत असतील, तर बैठकीचा न्यूट्रल गीझरच्या न्यूट्रलला शेवटी शेवटी कुठेतरी जोडलेला आहे. घरभर फिरून एकेक सॉकेट असे तपासले की लूप कुठून कुठे गेले आहेत, याचा नकाशा भिंत न फोडता मिळतो. एक व्होल्टचा फरक वाचायचा असल्याने ते सगळे रात्री उशिरा, रस्त्यावरचा भार शांत असताना केलेले बरे.

दोन आकडे विशेष सांगायला हवेत, कारण ते चांगले वाटतात किंवा भयंकर वाटतात, आणि दोन्हींचा अर्थ वेगळाच असतो.

पहिला म्हणजे नेमका शून्य. डीपीपासून लांबच्या घरात, संध्याकाळच्या भाराला, गीझर चालू असताना न्यूट्रल-अर्थिंगमध्ये शून्य दिसत असेल तर आनंद मानू नये. बहुधा सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिनांत जंपर मारलेला असतो. अर्थिंगचा खड्डाच नाही, पण उपकरण बसवणाऱ्याला अर्थिंग दाखवायचे आहे, अशा वेळी हा सोपा मार्ग निवडला जातो. त्यात फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन यांची पत्र्याची अंगे न्यूट्रलला जोडली जातात. सर्व्हिस वायरमधला न्यूट्रल तुटला की घरात चालू असलेल्या एखाद्या बल्बमधून फेज न्यूट्रलवर येतो आणि जंपरमधून फ्रिजच्या दरवाज्यावर. खड्डा असूनही त्याला न्यूट्रल जोडला असेल तर प्रकार थोडा वेगळा, पण तितकाच वाईट. रस्त्यावरचा न्यूट्रल तुटला की आळीतल्या सगळ्या घरांचा परतीचा प्रवाह त्या एका खड्ड्यातून जमिनीत जायला बघतो. आळीचा भार मिळून 10 ओहमचा आणि खड्डा 40 ओहमचा असेल, तर 230 पैकी 184 व्होल्ट खड्ड्यावर, म्हणजेच त्या घरातल्या प्रत्येक पत्र्यावर येतात. न्यूट्रलला जमिनीशी जोडण्याचे काम डीपीपाशी आणि लाइनवर वीजकंपनीचे आहे. साध्या घरगुती जोडणीत ग्राहकाने ते मीटरनंतर करायचे नसते, आणि केले तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो.

दुसरा आकडा 100 ते 120 च्या आसपासचा. तो पाहून माणूस हादरतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की अर्थिंगची तार कुठेही जोडलेली नाही. कॉम्प्युटर, टीव्ही यांच्या वीजपुरवठ्यात फेजकडून आणि न्यूट्रलकडून अंगाकडे एकेक लहान कपॅसिटर असतो. अर्थिंग अधांतरी असले की ते अंग दोघांच्या मधोमध, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगते. उपकरण लावलेले नसताना अधांतरी पिनेवर वीस-तीस किंवा कुठलाही भटका आकडा दिसू शकतो. शेजारच्या फेजच्या तारेची ती सावली असते आणि मीटरचा विरोध प्रचंड असल्यामुळे ती दिसते. अशी सावली खऱ्या व्होल्टेजपासून वेगळी काढायची तर कमी विरोधाचा मीटर लागतो. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहण्याची जुनी रीत आहे, पण अर्थिंग खराब असेल तर त्या वेळी सगळ्या पत्र्यांवर फेज उतरतो. ते वायरमननेच, घरातल्यांना दूर ठेवून करायचे काम.

काही व्होल्ट जमिनीच्या बाजूनेही येऊ शकतात, हेही खरे. गीझरची कॉइल ओली होऊन 0.1 अँपिअर गळत असेल आणि खड्डा 60 ओहमचा असेल, तर अर्थिंगची तार स्वतःच जमिनीपेक्षा सहा व्होल्टने वर जाते. वेगळे ओळखायची खूण म्हणजे ते एकाच उपकरणाच्या पिनेबरोबर येते आणि जाते, आणि इथे खड्ड्याचा विरोध आकड्यात खरोखर उतरतो. शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेल्या घरात हा प्रकार टिकू शकत नाही. एवढी गळती झाली की तो पडतोच.

घरातली कारणे काढून टाकल्यावरही आकडा राहतो का, हे ठरवण्याची पद्धत सरळ आहे. मेन स्विच उतरवून मीटरच्या बाजूच्या न्यूट्रलवर वाचन घ्यायचे, पण तो भाग चालू असतो, म्हणून हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. घरात काहीही चालू नसताना तिथे जे काही उरेल ते सगळे रस्त्याचे. एक-दोन व्होल्ट असतील तर कुणी लक्ष देण्याचे कारण नाही. पाच-सहा असतील आणि संध्याकाळी वाढत असतील तर वाडीची फेज-वाटणी पाहायला हवी. आकडा एकाएकी वीस-पंचवीसवर उडत असेल आणि त्याच वेळी शेजारी-शेजारी एका घरात दिवे मंद तर दुसऱ्यात प्रखर होत असतील, तर न्यूट्रलचा सांधा सुटायच्या बेतात आहे. तो पूर्ण सुटला की हलक्या भाराच्या फेजवरच्या घरांना 300 व्होल्टच्या वरही दाब मिळू शकतो आणि टीव्ही-फ्रिज एका क्षणात जातात. अशा वेळी मेन स्विच उतरवून 1912 वर तक्रार करावी, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

फेज-वाटणीचे काम लाइनमन पोलावरच करतो. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांचे प्रवाह भरगच्च भाराच्या वेळी घ्यायचे आणि जड फेजवरच्या काही सर्व्हिस वायर हलक्या फेजवर उचलून ठेवायच्या. तार बदलायची नाही, पोल हलवायचा नाही. आपल्या वाडीत आरवरचे 12 अँपिअर उचलून पाच वायवर आणि सात बीवर टाकले, तर तिन्ही फेज 20, 17 आणि 16 होतात. एकूण भार तोच 53. न्यूट्रलमधला प्रवाह मात्र 22 वरून साडेतीनवर येतो, रस्त्याचे सहा व्होल्ट एकावर येतात, आणि आर फेजवरच्या घराला 221 ऐवजी सुमारे 229 व्होल्ट मिळू लागतात.